दोन्ही दंड बंद, मग बीपी कुठे मोजायचं?

आईचं वय 66, मधुमेह अठरा वर्षांपासून, दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हाताला डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला आहे. उजव्या बाजूचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या गाठी काढल्यात आणि तो हात सुजतो. त्यामुळे दोन्ही हातांना बीपीचा पट्टा बांधायचा नाही असं सांगितलंय. आम्ही पायाला बांधतो. उजव्या घोट्याला 196/82 येतं, डाव्या घोट्याला 132/80. डायलिसिसच्या तंत्रज्ञांनी मांडीचा मोठा पट्टा लावून पाहिलं, तर उजव्या मांडीला 168/84 आणि डाव्या मांडीला 164/82. खरं बीपी कोणतं धरायचं? सरासरी काढायची का? आणखी एक, डाव्या पायाच्या अंगठ्याला तीन आठवड्यांपासून जखम आहे, भरत नाही. कोणीतरी एबीआय करा म्हणालं, पण हातच मोजायचा नाही तर तो होणार कसा?

तुमच्या चार आकड्यांपैकी सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा आकडा म्हणजे डाव्या घोट्याचा 132. मला काळजी वाटते ती त्याचीच. 196 बघून घरातले घाबरतात आणि 132 बघून सुटकेचा श्वास टाकतात. इथे मात्र 132 हे बीपी चांगलं असल्याचं लक्षण नाही. त्या पायात रक्त कमी पोचतंय असं तो आकडा सांगतोय, आणि जखमही त्याच पायाला आहे. म्हणून सरासरी अजिबात काढू नका. 196 आणि 132 यांची सरासरी 164 येते, पण ती ना हृदयाकडचा दाब सांगते, ना कुठल्या पायातला. दोन पायांतला 64 चा फरक हीच इथली खरी माहिती आहे आणि सरासरीत नेमकी तीच पुसली जाते.

आधी निरोगी माणसात काय दिसतं ते सांगतो. आडवं झोपवून मोजलं की घोट्याचा वरचा आकडा दंडापेक्षा साधारण 10 ते 20 ने जास्त येतो. हृदयापासून लांब जाताना नाडीची लाट उंचावत जाते, म्हणून असं होतं. खालचा आकडा जवळपास तोच राहतो. म्हणूनच ब्रिटिश अँड आयरिश हायपरटेन्शन सोसायटीने असं सुचवलं की दंडावर मोजता येत नसेल तर घोट्यावर 155/90 ही उच्च रक्तदाबाची रेघ धरावी, दंडाच्या 140/90 च्या जागी. मांडीला बऱ्याचदा यापेक्षाही जास्त येतं, कारण तिथलं मांस जाड असतं आणि पट्टा थोडा जरी अरुंद पडला तरी आकडा फुगतो. दोन पायांमध्ये मात्र फारसा फरक नसावा. घोट्यांच्या वरच्या आकड्यांत 15 किंवा त्याहून जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल, तर कमी आकड्याच्या पायातली धमनी अरुंद झाली आहे का ते बघावंच लागतं.

आता तुमचे आकडे वरून खाली वाचू. दोन्ही मांड्यांत फक्त 4 चा फरक आहे. म्हणजे पोटातून जांघेपर्यंत येणाऱ्या वाटेवर एकाच बाजूला मोठा अडथळा दिसत नाही. डाव्या बाजूला मांडीत 164 आणि घोट्याला 132, म्हणजे उतरताना 32 चा तोटा. वरच्या आणि खालच्या पट्ट्यात 20 पेक्षा जास्त घट आली तर त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या धमनीत अरुंदपणा असण्याची शक्यता धरतात. तुमच्या आईंच्या बाबतीत ती जागा मांडीचा खालचा भाग, गुडघ्यामागचा भाग किंवा पोटरी यांपैकी कुठेतरी आहे.

उजव्या बाजूची गोष्ट उलटी आहे. तिथे मांडीत 168 आणि घोट्याला 196, म्हणजे खाली जाताना दाब 28 ने वाढलेला दिसतो. दोन-पाच मिलिमीटरची वाढ समजू शकते, इतकी नाही. याचं कारण पट्टा नेमकं काय मोजतो त्यात आहे. धमनी बाहेरून दाबून बंद करायला किती जोर लागला, एवढंच पट्ट्याला कळतं. धमनी मऊ असेल तर तो जोर आतल्या रक्ताच्या दाबाइतका असतो. बऱ्याच वर्षांचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असला की पोटरी-घोट्याच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो. मग पट्ट्याला आधी ती कडक भिंत वाकवावी लागते आणि नंतर रक्त थांबवावं लागतं. आकडा चढतो, पण तो रक्ताचा दाब नसतो, भिंतीचा कडकपणा त्यात मिसळलेला असतो. मांडीची धमनी सहसा इतकी कडक होत नाही, म्हणून तिथला आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा.

आणि चुना फक्त उजव्या पायात साठत नाही. उजव्या घोट्याची धमनी कडक असेल तर डावीही कडक असण्याची शक्यता मोठी. म्हणजे डाव्या घोट्याचा 132 हासुद्धा फुगलेला आकडा असू शकतो आणि त्या पायातला खरा दाब त्याहून बराच कमी असू शकतो. तीन आठवडे न भरलेली जखम याच बाजूने बोलते.

एबीआय म्हणजे घोट्याचा वरचा आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. घोट्याला दोन जागी, आतल्या हाडामागच्या धमनीवर आणि पावलाच्या पाठीवरच्या धमनीवर, डॉप्लरची पेन्सिल, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, धरून मोजतात. त्यातला मोठा आकडा घेऊन त्याला दोन दंडांपैकी मोठ्या आकड्याने भागतात. 0.90 किंवा त्याखाली आलं तर धमनीविकार, 1.00 ते 1.40 सामान्य, मधला टप्पा सीमारेषेवरचा, आणि 1.40 च्या वर म्हणजे धमनी दाबलीच जात नाही. छेदातला दंडच नसेल तर गुणोत्तर मांडता येत नाही, हे तुमचं बरोबर आहे. छेदाच्या जागी मांडीचा आकडा घालून एबीआय काढू नका. या सीमा दंडाच्या आकड्यावरून ठरवलेल्या आहेत, मांडी घातली की त्या लागू होत नाहीत. दुसरी अडचण अशी की पाय-पाय ताडून फक्त फरक कळतो, पातळी कळत नाही. दोन्ही जांघांच्या वरच्या धमन्या सारख्याच अरुंद असत्या तरी दोन्ही मांड्यांत सारखेच आकडे आले असते. म्हणून जांघेतली नाडी बोटांनी नीट लागते का आणि तिथला डॉप्लरचा आवाज कसा आहे, हे डॉक्टरांनी तपासायलाच हवं. निरोगी धमनीत तो आवाज दोन-तीन टप्प्यांत, फटकाऱ्यासारखा येतो. अडथळ्याच्या पलीकडे तो एकसुरी, लांबलेला, वाऱ्याच्या झोतासारखा होतो. या आवाजाला दंडाचा आकडा लागत नाही आणि चुन्यानेही तो फारसा फसत नाही.

आधी एक प्रश्न मात्र नीट विचारून घ्या. दोन्ही हात बंद आहेत, पण दोन्हीची कारणं सारखी नाहीत. फिस्टुलाच्या हाताला पट्टा कधीच नको, कारण दाबामुळे फिस्टुला गोठून बंद पडू शकतो आणि मग डायलिसिसची वाटच जाते. उजव्या हाताला रोज पट्टा बांधणं वेगळं आणि निदानासाठी एकदाच, माणसाने हाताने, डॉप्लरवर काळजीपूर्वक मोजणं वेगळं. हात सुजलेला आहे, म्हणून ते चालेल की नाही हे कर्करोगाच्या शल्यविशारदांनी आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. पण प्रश्न 'रोज मोजू का' असा न विचारता 'एकदाच मोजू का' असा विचारा. उत्तर बऱ्याचदा वेगळं येतं.

समजा परवानगी मिळाली आणि उजव्या दंडाला 148 आलं. मग उजवा पाय 196 भागिले 148, म्हणजे 1.32. डावा 132 भागिले 148, म्हणजे 0.89. कागदावर उजवा सामान्य आणि डावा जेमतेम बिघडलेला, 'सौम्य विकार' असा शेरा मिळेल. तुमच्या आईंच्या बाबतीत या शेऱ्यावर थांबणं धोक्याचं आहे. दोन्ही आकड्यांचा अंश कडक भिंतीमुळे फुगलेला असेल, तर भागाकार कितीही अचूक केला तरी उत्तर चुकीचंच राहणार. 1.40 च्या वर गेलं की सगळे सावध होतात. पण कडक धमनी आणि अडथळा एकाच पायात असले की एक आकडा चढवतो, दुसरा उतरवतो, आणि गुणोत्तर मधेच कुठेतरी साळसूद बसतं.

म्हणून तुमच्या आईंसाठी सगळ्यात उपयोगाची तपासणी म्हणजे पायाच्या बोटातला दाब. बोटांच्या बारीक धमन्यांत चुना कमी साठतो. साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीचा इवलासा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी बांधतात आणि टोकाला प्रकाशाने रक्त ओळखणारा सेन्सर लावतात. पट्टा फुगवून सोडताना रक्ताची लाट पुन्हा कधी दिसते तो आकडा टिपतात. डाव्या अंगठ्याला जखम असल्यामुळे तिथे शेजारचं बोट वापरावं. खोली उबदार हवी आणि पाय गार पडलेले नकोत, नाहीतर बोटातल्या धमन्या आखडतात आणि आकडा उगाच कमी येतो. या तपासणीची मोठी सोय अशी की दंडाशी भागाकार न करताही आकडा वाचता येतो. 30 च्या खाली आला तर रक्तपुरवठा इतका तोकडा आहे की जखम भरण्याची आशा फार कमी, आणि तातडीने धमन्यांचं चित्र काढावं लागतं. वरच्या उदाहरणात डाव्या बोटाला 32 आले असं धरा. 148 ने भागलं तर 0.22 होतात, सामान्य माणसात हे उत्तर 0.70 च्या वर असतं. ज्या पायाला एबीआयने 'सौम्य' म्हटलं, तोच पाय इथे जवळपास उपाशी निघतो.

बोटाचा पट्टा तुमच्या गावाजवळ कुठे मिळाला नाही, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे नुसत्या डॉप्लरवर एक जुनी, सोपी पद्धत करता येते. रुग्णाला आडवं ठेवून पावलाच्या धमनीवर पेन्सिल धरतात आणि पाय सरळ हळूहळू वर उचलतात. एका उंचीवर आवाज बंद होतो. हृदयापासून ती उंची सेंटिमीटरमध्ये मोजून 0.77 ने गुणलं की पायातला दाब मिळतो, कारण रक्ताचा तेवढा स्तंभ वर चढवायला तेवढाच दाब लागतो. 48 सेंटिमीटरवर आवाज गेला तर दाब साधारण 37. इथे पट्टाच नाही, त्यामुळे भिंत कडक असली तरी फसवणूक होत नाही. पाय फार उंच नेता येत नाही, म्हणून साधारण 60 च्या वरचा दाब या पद्धतीने कळत नाही. पण आवाज टिकून राहिला तर दाब त्याहून जास्त आहे एवढं तरी कळतं. हे घरी करून बघू नका.

तोवर डाव्या पायाला कुठलाही घट्ट पट्टा, सूज उतरवणारे मोजे किंवा इलॅस्टिक बँडेज बांधू नका. डायलिसिसच्या रुग्णांचे पाय सुजतात आणि कोणीतरी चांगल्या हेतूने ते आवळून बांधतं. इतक्या कमी दाबाने कसंबसं पोचणारं रक्त त्या आवळण्याने थांबू शकतं. डाव्या घोट्याला बीपीचा पट्टाही आता लावू नका, जे कळायचं ते कळलंय. रात्री पाऊल ठणकतं आणि पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटतं, बोट काळंनिळं पडतंय, जखमेला वास येतोय, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. पाय अचानक थंड आणि पांढरा पडला तर तासाभराचाही वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा.

आता रोजच्या बीपीचं. डाव्या पायाचा निकाल काहीही लागो, आईंचं बीपी कुठेतरी नियमित मोजावंच लागेल. मी उजवी मांडी निवडेन. तिथली धमनी घोट्याइतकी कडक नसते, आणि तुमच्या आकड्यांत दोन्ही मांड्या जुळतात. अट एकच, पट्टा मापाचा हवा. मांडीचा मधला घेर टेपने मोजा. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी त्या घेराच्या सुमारे 40 टक्के आणि लांबी 80 टक्के असावी. घेर 45 ते 52 सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर प्रौढांचा मांडीचा पट्टा बसतो. दंडाचा मोठा पट्टा ताणून बांधू नका, आकडा 20-30 ने सहज चढेल. फुग्याचा मध्य गुडघ्यामागे जाणाऱ्या धमनीवर, म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूला यायला हवा. मांडी गुडघ्याकडे निमुळती होते, त्यामुळे पट्टा घसरून खालची कड सैल राहते. तसं दिसलं तर सोडून पुन्हा बांधा. मांडीला पट्टा फुगताना दुखतं, आणि दुखल्याने बीपी वाढतं, म्हणून पहिला आकडा सोडून द्या आणि दोन मिनिटांनी घेतलेला दुसरा लिहा. मांडी सहन होत नसेल तर उजवा घोटा वापरा: पट्ट्याची खालची कड आतल्या हाडाच्या वर दोन बोटं, आणि पट्ट्यावरची धमनीची खूण त्या हाडाच्या मागच्या रेषेत. तो आकडा फुगलेला आहे हे मात्र धरूनच चाला.

मोजताना आई पूर्ण आडव्या हव्यात, आधी दहा मिनिटं शांत पडून. हा मुद्दा डायलिसिसच्या खुर्चीत हमखास चुकतो. पट्ट्याची जागा हृदयाच्या खाली जितके सेंटिमीटर, तितके गुणिले 0.77 एवढा आकडा आपोआप वाढतो. खुर्ची उभी असताना घोटा हृदयाच्या 40 सेंटिमीटर खाली असेल तर 31 ची भर फुकटची. मग मधेच कुणी खुर्ची मागे झुकवली, पाय वर आले, की आकडा 31 ने 'पडतो'. पडलेलं काहीच नसतं. उलटही होतं: डायलिसिसमध्ये बीपी खरंच पडत असतं, पण पाय खाली लोंबत असल्याने आकडा ठीक दिसतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे बाजू, जागा आणि खुर्ची आडवी की उभी, एवढं लिहायला सांगा. 'उजवी मांडी, आडवी' इतकं पुरे.

घरचं स्वयंचलित यंत्र दंडासाठी तपासलेलं असतं, पायासाठी नाही. नाडीच्या थरथरीवरून ते हिशोब मांडतं, आणि ज्या पायात दाब खूप कमी आहे तिथे ते आकडा चढवून दाखवतं किंवा काहीतरी भलतंच दाखवतं. उजव्या मांडीवर रोजचा कल बघायला ते चालेल, निदानाला नाही.

औषधांचा निर्णय 196 वर घेऊ देऊ नका. वरच्या उदाहरणात दंड 148 असताना उजवा घोटा 48 ने आणि उजवी मांडी 20 ने जास्त आहे. 196 हा खरा धरून गोळ्या वाढवल्या, तर डायलिसिसच्या तिसऱ्या-चौथ्या तासाला खरा दाब 100 च्या खाली जाऊ शकतो, आणि घोट्याला तेव्हाही 140 दिसेल. चक्कर, जांभया, पोटऱ्यांत गोळे, घाम, ही चिन्हं आकड्याच्या आधी माना. डाव्या पायाला याचा दुहेरी तोटा होतो, कारण अरुंद धमनीपलीकडे रक्त ढकलायला मुळातला दाबच लागतो.

मांडी आणि खरा दाब यांतला फरक एकदा पक्का करून घ्यायची चांगली संधी पुढे येऊ शकते. डाव्या पायाची अँजिओग्राफी ठरली, तर धमनीत घातलेल्या नळीच्या टोकाने महाधमनीतला दाब थेट पडद्यावर दिसतो. त्या वेळी उजव्या मांडीला पट्टा बांधून त्याच मिनिटाचा आकडा घ्या आणि दोन्ही फाइलमध्ये लिहून ठेवा, अशी विनंती आधीच डॉक्टरांना करा. नळी उजव्या जांघेतून जाणार असेल तर पट्ट्याची जागा तेच ठरवतील, गरज पडली तर फक्त घोट्याचा फरक मिळेल, तोही उपयोगाचा. दाब बदलला की हा फरकही थोडा हलतो, म्हणून त्याला कायमचा धरू नका. पण दोन्ही दंड बंद असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये पट्ट्याशिवाय मोजलेला एक तरी आकडा असला की पुढच्या प्रत्येक डॉक्टरला 168 म्हणजे काय हे कळतं.

या आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाची वेळ घ्या. फोनवर 'बीपी जास्त आहे' असं सांगू नका, त्याने तारीख पुढची मिळेल. 'मधुमेह आणि डायलिसिस आहे, डाव्या अंगठ्याला तीन आठवड्यांची जखम आहे, डावा घोटा उजव्यापेक्षा 64 ने कमी आहे' असं सांगा.